अहवाल परत गावात नेल्यावर

कोल्हापूर शहराच्या वायव्येला प्रयाग चिखली आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी इथवर एकत्र येतं आणि इथून पुढं पंचगंगा वाहते. १९८९ च्या महापुरानंतर चिखली आणि शेजारच्या आंबेवाडीच्या पुनर्वसनासाठी सोनतळीला उंचावर जागा ठरली. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये याच दोन गावांतून माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा गेलं.

उंचावर जागा असताना माणसं खाली का राहतात? किती घरं वर गेली आणि किती खाली राहिली हे सर्वेक्षणातून मोजता येतं, पण ‘का’ मोजता येत नाही. त्यासाठी माणसांपाशी बसावं लागतं, त्यांना बोलू द्यावं लागतं, बोलणं ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवावं लागतं आणि मग त्या शेकडो पानांतून पुन्हा पुन्हा डोकावणारे धागे शोधावे लागतात. याला गुणात्मक संशोधन म्हणतात. त्याची मोठी अडचण ही, की धागा शोधणारा संशोधकच असतो. तो धागा लोकांच्या बोलण्यात खरोखर होता, की संशोधकाने तो घरूनच आणला होता?

या प्रश्नावरचा एक उपाय म्हणजे काढलेला अर्थ घेऊन पुन्हा त्याच माणसांकडे जायचं आणि तो त्यांना दाखवायचा. संशोधक याला ‘मेंबर चेकिंग’ म्हणतात. इव्हॉना लिंकन आणि एगॉन गुबा या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ च्या पुस्तकात गुणात्मक संशोधनाची विश्वासार्हता कशी वाढवावी याची चर्चा केली आणि तीत या उपायाला सर्वांत वरचं स्थान दिलं. तेव्हापासून पीएच.डी.च्या प्रबंधांत पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ ठरलेली असते: ‘निष्कर्ष सहभागींना दाखवून त्यांची खातरजमा करून घेतली.’ त्या एका ओळीत प्रत्यक्ष काय काय घडायला हवं, आणि लोकांनी ‘हे चूक आहे’ असं सांगितलं तर काय करायचं, हे आपण एका प्रसंगातून पाहू. प्रसंग कल्पिलेला आहे, म्हणून गावाचं नाव देत नाही. पंचगंगेकाठचं कुठलंही गाव डोळ्यांपुढं आणलं तरी चालेल.

समजा, एका संशोधक बाईंनी या गावात २४ मुलाखती घेतल्या. त्यांत उसाचे शेतकरी आहेत, दूधधंदा करणारी घरं आहेत, शेतमजूर आहेत आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. विश्लेषणातून त्यांना दोन मुख्य सूत्रं सापडली. एक, लोकांना मातीची ओढ आहे. पिढीजात घर, ग्रामदैवत आणि नदी सोडवत नाही, म्हणून ते वर जात नाहीत. दोन, पुराची सवय झाल्यामुळे ते धोका कमी लेखतात. वाचायला दोन्ही पटण्यासारखी आहेत. बाहेरच्या वाचकाला तर फारच पटतील, आणि खरं तर सावध व्हायचं ते इथंच.

आता बाई गावात परत जाणार. पण काय घेऊन?

पहिला विचार येतो तो मुलाखतीची उतरवलेली प्रतच परत द्यायचा. बहुतेक वेळा यातून फारसं हाती लागत नाही. आपलं बोलणं जसंच्या तसं कागदावर पाहिलं की माणूस ओशाळतो. ‘म्या काय असं अडाण्यावानी बोललो व्हय?’ असं म्हणून तो वाक्यं सुधारायला बसतो, रांगडं बोलणं पुस्तकी करतो आणि रागाच्या भरात निघालेलं खरं वाक्य खोडून टाकतो. शिवाय त्या प्रतीत त्याचंच बोलणं असतं. त्या बोलण्याचा बाईंनी काय अर्थ लावला, हे त्यात कुठंच नसतं. म्हणजे ज्याची तपासणी व्हायला हवी तीच गोष्ट समोर येत नाही.

लिंडा बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याला पर्याय मांडला. सगळ्या मुलाखतींतून निघालेली सूत्रं साध्या भाषेत, थोडक्यात लिहायची, प्रत्येक सूत्राखाली लोकांच्या बोलण्यातली एकदोन वाक्यं द्यायची, आणि हे तुमच्या अनुभवाशी जुळतं का, काही बदलावं किंवा घालावं वाटतं का, असं विचारायचं. जे उत्तर येईल ते नवी माहिती म्हणून पुन्हा विश्लेषणात घ्यायचं. त्यांनी एक खबरदारीही सांगितली आहे: पाठवण्याआधी त्या माणसाची आजची स्थिती पाहा. त्यांचे सहभागी कर्करोगाचे रुग्ण होते, त्यामुळे मधल्या काळात कुणाची तब्येत ढासळली असेल तर असा कागद हाती पडणं क्रूर ठरलं असतं. पूरग्रस्त गावातही हे ध्यानात ठेवावं लागतं. ज्या घरातलं माणूस मधल्या काळात गेलं, तिथं कागद पुढं करण्याआधी चौकशी करायची.

तर आपल्या बाई दोन पानांचा मराठी सारांश करतात. तो वाटत नाहीत, घरोघर जाऊन वाचून दाखवतात, कारण सगळेच वाचणारे नसतात आणि वाचणाऱ्यांनाही कागदापेक्षा बोलण्यातून हरकत घेणं सोपं जातं. ऊसतोडीच्या धांदलीत गेलं तर कुणी बसणार नाही, म्हणून वेळ बघून जातात. मुलाखती पुरानंतर लगेच झाल्या होत्या आणि आता उन्हाळा आहे, याचीही नोंद करतात. पाणी दारात असताना माणूस जे बोलतो आणि नदी तळाला गेल्यावर जे बोलतो, त्यात फरक पडतो. तो फरक म्हणजे आधीचं खोटं होतं असं नव्हे.

पहिल्या पाच-सहा घरांत सगळे म्हणतात, ‘व्हय, बरोबर हाय की.’ चहा होतो. बाई समाधानाने परततात. इथं त्यांनी थांबू नये. आपल्याकडे दारात आलेल्या शिकलेल्या पाहुणीला ‘तुमचं चुकलं’ म्हणणं बरं दिसत नाही. ही अडचण फक्त आपल्या पाहुणचाराची नाही. मायकेल ब्लूर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने नाक-कान-घशाच्या शल्यविशारदांचा अभ्यास केला होता. टॉन्सिल काढायचे की नाही हे ते कसं ठरवतात, हा विषय. प्रत्येकाच्या पद्धतीवरचं टिपण त्याने त्या त्या डॉक्टरला दाखवलं. पुढं त्याने या तपासणीवर जे लिहिलं त्याचा गाभा असा, की होकार ही चाचणी मानता येत नाही. त्या भेटीचं वातावरण, शिष्टाचार, वाचायला मिळालेला वेळ आणि वाचणाऱ्याला त्यात असलेला रस, यांवर तो ठरतो. डॉक्टरांची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं.

म्हणून प्रश्न बदलावा लागतो. ‘हे बरोबर आहे ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. त्याऐवजी बाई विचारतात, ‘यातलं तुमच्या घराला कुठलं लागू पडत नाही?’ किंवा ‘गावात कुणाला हे पटणार नाही, आणि का?’ दुसरा प्रश्न फार उपयोगी. स्वतःची असहमती दुसऱ्याच्या नावावर सांगायची सोय त्यात आहे. आणखी एक युक्ती म्हणजे एकाच गोष्टीचे दोन अर्थ समोर ठेवायचे आणि कुठला जवळचा वाटतो ते विचारायचं. आणि होकार आला तर लगेच म्हणायचं, ‘तुमच्या घरातलं एखादं उदाहरण सांगा.’ जो होकार उदाहरण देत नाही, त्याला शून्य गुण द्यावेत. मी तरी देतो.

प्रश्न बदलल्यावर हरकती येऊ लागतात. त्या सगळ्या एका जातीच्या नसतात.

एक आजोबा म्हणतात, ‘२००५ ला आमी वर गेलोच न्हवतो, तुमी चुकीचं लिवलंय.’ ही तथ्याची चूक. बाई ध्वनिमुद्रण ऐकतात. आजोबांनी तसं सांगितलंच नव्हतं, उतरवताना साल चुकलं. दुरुस्त केलं, विषय संपला.

दुसऱ्या घरात एक सूनबाई हळू आवाजात सांगतात, ‘ते प्लॉट दिरांच्या नावावर हाय, ते काढा की तेवढं.’ मुलाखतीत त्या हे बोलल्या होत्या, ते खरंही आहे आणि विश्लेषणात महत्त्वाचंही आहे. पण अहवालात नाव बदललं तरी गावात कुणालाही ते घर ओळखू येईल. बाहेरच्या वाचकापासून ओळख लपवणं सोपं असतं, शेजाऱ्यापासून लपवणं जवळजवळ अशक्य. इथं वाद घालायचा नाही. सही केलेला संमतीचा कागद दाखवून ‘तुम्ही बोलला होतात’ म्हणणं हा दांडगेपणा झाला. ते वाक्य काढायचं. जागेच्या मालकीवरून घरांत अडकलेले निर्णय इतर मुलाखतींतही आले असतील, तर तेवढं सर्वसाधारण शब्दांत राहू शकतं. आले नसतील तर तो मुद्दा सोडून द्यायचा आणि नुकसान सोसायचं.

खरी कसोटी तिसऱ्या घरी लागते. दूधधंदा करणारा एक गृहस्थ ‘मातीची ओढ’ ऐकून हसतो. ‘ओढ-बिढ काय न्हाय वो बाई. वर घराला जागा हाय, गोठ्याला न्हाय. चार म्हशी, वैरण, शेणखताचा उकिरडा, ह्ये कुठं न्यायचं? पहाटंची धार काढून डेअरीत दूध घालायचं, तितनं परत उसात यायचं. माती कुणाला सोडवत न्हाय असं न्हाय, पर त्येच्यासाठी कोण पाण्यात ऱ्हातंय?’

आता बाईंचं एक सूत्रच मोडतंय. यावर दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक, ‘हा एकटाच असं म्हणतो’ म्हणून दुर्लक्ष करायचं. दोन, ‘लोकच म्हणतात म्हणजे बरोबर’ म्हणून सूत्र खोडून गोठा लिहायचा. बाईंनी करायचं ते हे: मूळ २४ मुलाखती पुन्हा काढायच्या आणि ‘ओढ’, ‘सोडवत नाही’, ‘जीव गुंतलाय’ असे शब्द नेमके कुठं आले ते पाहायचं. ते माणसाने आपणहून काढले, की प्रश्नाच्या उत्तरात? समजा असं दिसलं, की बहुतेक ठिकाणी त्याआधी बाईंनीच विचारलं होतं, ‘गाव सोडायचं म्हणजे वाईट वाटत असेल ना?’ तर निकाल लागला. ओढ बाईंच्या प्रश्नातच होती, लोकांनी ती सौजन्याने परत केली. आणि गोठा, वैरण, पहाटेची धार हे शब्द मात्र न विचारता पानोपानी आलेले आहेत. बाईंनी ते ‘दिनक्रम’ नावाच्या खात्यात टाकून बाजूला ठेवले होते.

एका माणसाच्या नकाराने सूत्र पडलं नाही. त्याच्या नकाराने बाईंना नोंदींकडे परत पाठवलं आणि तिथं पुरावा सापडला. मूळ नोंदींत ओढ लोकांच्या आपणहून केलेल्या बोलण्यात ठळकपणे सापडली असती, तर त्या गृहस्थाचं म्हणणं एक वेगळा आवाज म्हणून अहवालात गेलं असतं आणि सूत्र टिकलं असतं.

दुसऱ्या सूत्राचं आणखी निराळं होतं. ‘धोका कमी लेखतात’ हे वाचल्यावर जुनी माणसं चिडतात. ‘आमाला पाणी कळत न्हाय म्हणता? जन्म गेला नदीकाठी.’ बाई पुन्हा नोंदी पाहतात. इथं पुरावा त्यांच्या बाजूचा आहे. इशारा मिळाल्यावरही अनेक घरांनी जनावरं उशिरा हलवली हे लोकांनीच सांगितलंय. म्हणजे हरकत आली म्हणून सूत्र सोडायचं कारण नाही. पण ही हरकत नेमकी कशावर आहे हे ऐकायला त्या थोडा वेळ बसतात, तेव्हा कळतं की म्हाताऱ्यांच्या डोक्यात भिंतीवरच्या जुन्या खुणा आहेत. १९८९ चं पाणी कुठवर आलं, २००५ चं कुठवर. त्या खुणेच्या वर पाणी जात नाही असा त्यांचा हिशेब, आणि २०१९ पर्यंत तो हिशेब बरोबर ठरत आला होता. तर हे धोका कमी लेखणं नव्हे. ते धोका जुन्या पट्टीने नेमका मोजत होते आणि पट्टी तोकडी पडली. नवं सूत्र जुन्यापेक्षा अचूक आहे आणि उपयोगीसुद्धा: ज्याला धोका कळत नाही त्याच्यासाठी जनजागृतीची पत्रकं छापतात, ज्याच्या भिंतीवर जुनी खूण आहे त्याच्याशी त्या खुणेबद्दलच बोलावं लागतं.

म्हाताऱ्यांना नवं सूत्रही पटलं नाही तर? तेही घडू शकतं, आणि तेव्हा काय करावं याचं फार चांगलं उदाहरण कोल्हापूरपासून लांब, अमेरिकेतल्या मेन राज्यात आहे. कॅथरीन बोरलँड या लोकसाहित्याच्या अभ्यासक. त्यांनी आपल्या आजीकडून, बिअ‍ॅट्रिस हॅन्सन यांच्याकडून, १९४४ सालच्या एका घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट ध्वनिमुद्रित केली. आजी तेव्हा तरुण होत्या. वडिलांबरोबर शर्यतीला गेल्या होत्या, वडिलांचा आणि आजूबाजूच्या पुरुषांचा अंदाज डावलून त्यांनी स्वतःच्या पसंतीच्या घोड्यावर पैज लावली, आणि तोच घोडा जिंकला. बोरलँड यांनी याचा अर्थ लावला: पुरुषांच्या जगात एका स्त्रीने आपलं स्वातंत्र्य मिळवलं, त्याची ही गोष्ट. निबंध आजीला पाठवला. आजींचं चौदा पानांचं पत्र आलं. आपल्या मनात असलं काही नव्हतं, ही गोष्ट आता माझी राहिली नाही, ती तुझी झाली, असा त्यांच्या तक्रारीचा रोख होता. विशेषतः स्त्रीवादी म्हणवून घेणं त्यांना मंजूर नव्हतं.

बोरलँड यांनी आपला अर्थ मागे घेतला नाही, आणि आजीचा आक्षेप लपवलाही नाही. दोघी बसून बोलल्या. नात स्त्रीवाद म्हणते तेव्हा तिला काय अभिप्रेत आहे हे ऐकल्यावर आजींचा विरोध बराच मवाळ झाला, पण पूर्ण मतैक्य झालं नाही. १९९१ मध्ये निबंध छापून आला तो आजीच्या आक्षेपांसकट. बोरलँड यांनी त्यातून काढलेला धडा व्यावहारिक आहे: अर्थाची देवघेव लिखाण पक्कं होण्याआधी करा. छापायला गेलेल्या मजकुरावर मत मागितलं, की समोरच्याच्या हाती फक्त रागावणं उरतं.

गोष्ट त्या माणसाची, अर्थ संशोधकाचा. गोष्टीबद्दल शेवटचा शब्द सांगणाऱ्याचा, अर्थाबद्दल मात्र दोन शब्द शेजारीशेजारी राहू शकतात. आपल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत बाईंनी हेच करावं: आपलं सूत्र ठेवावं, त्याखाली त्यांची हरकत त्यांच्याच शब्दांत द्यावी, आणि आपण सूत्र का सोडलं नाही याचं कारण दोन-तीन वाक्यांत लिहावं.

एक गुंता अजून राहिला. ‘गावाचं मत’ असं काही नसतं. गोठ्याचं सूत्र दूधवाल्यांना पटेल, पण ज्याच्याकडे म्हैसच नाही त्या शेतमजुराच्या घराला त्याचा काय संबंध? तो म्हणेल, काम खाली उसात आहे, वरून रोज ये-जा करायला भाडं कोण देणार. वाटपाच्या यादीत ज्यांचं नाव आलंच नाही, त्यांच्या घरी तर ‘वर का जात नाही’ हा प्रश्नच चुकीचा ठरेल. म्हणून ग्रामपंचायतीच्या सभागृहात सगळ्यांना एकदम बोलावून सारांश वाचणं सोयीचं असलं तरी धोक्याचं आहे. पुढच्या रांगेत सरपंच बसलेले असतील, बायका मागच्या भिंतीशी उभ्या असतील, आणि ज्याचं नाव यादीत नाही तो आलाच नसेल. आधी घरोघर, मग वस्तीवार, आणि सभा घ्यायचीच तर शेवटी. एका गटाने दुसऱ्याचं म्हणणं खोडलं, तर तो मतभेद हाच निष्कर्ष म्हणून लिहायचा, त्याची सरासरी काढायची नाही.

ही पद्धत जिथं वापरूच नये अशा जागाही आहेत. निष्कर्ष ज्यांच्या सत्तेबद्दल आहे त्यांच्याकडून त्याला मान्यता घेत बसलात, तर संशोधन संपलं. जागावाटपात जातीवरून डावललं गेलं असं पुराव्यानिशी दिसत असेल, तर वाटप करणाऱ्यांचं उत्तर जरूर घ्यावं आणि छापावं. ते ‘असं काही झालं नाही’ म्हणाले म्हणून विश्वासार्हता कमी होत नाही. आणि ज्यांच्या बोलण्यावर हा निष्कर्ष उभा आहे, त्यांना कागद दाखवायचा तो सरपंचांच्या दारातून न जाता, त्यांच्या सोयीच्या जागी आणि वेळी.

आता ती प्रबंधातली एक ओळ. आपल्या बाईंनी त्याऐवजी साधारण असं लिहावं: २४ पैकी इतक्यांना सारांश वाचून दाखवला, इतके भेटले नाहीत, त्यांची कारणं ही. तथ्यांच्या इतक्या चुका दुरुस्त केल्या. एका सहभागीच्या विनंतीवरून काही मजकूर गाळला. ‘मातीची ओढ’ हे सूत्र मूळ नोंदी पुन्हा तपासल्यावर मागे घेतलं, कारण ते मुख्यतः आमच्याच प्रश्नातून आलं होतं. ‘धोका कमी लेखणं’ हे सूत्र बदलून जुन्या खुणांच्या पट्टीबद्दल लिहिलं. त्यावर ज्येष्ठांची हरकत कायम आहे, ती अमुक पानावर दिली आहे. अर्ध्या पानात हे सगळं बसतं, आणि वाचणाऱ्याला अभ्यास कुठं भक्कम आहे नि कुठं डळमळीत, हे स्वतः ठरवता येतं.

प्रबंध तपासणाऱ्या मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना एवढीच विनंती, की ‘सहभागींकडून खातरजमा केली’ हे वाक्य दिसलं की त्यावर सही करण्याआधी विद्यार्थ्याला विचारा: लोकांकडे परत गेल्यानंतर तुझ्या विश्लेषणातलं नेमकं काय बदललं? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर त्याला पुन्हा गावात पाठवा.